फळ्यावरचा भाव

मामाच्या खात्यात ९८,१८० रुपये जमा झाले आणि आमच्या घरातली आजीच्या सोन्याची वाटणी संपली. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. फॅमिली ग्रुपवर मावशीने हात जोडलेला इमोजी टाकला. आई म्हणाली, "तू हिशेब केलास म्हणून सगळं नीट झालं." मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घरात 'आकड्यांचं काम' आलं की ते माझ्याकडेच येतं.

बारा दिवसांनी मला कळलं की मामाला मिळायला हवे होते ते ९०,००० रुपये. वरचे ८,१८० रुपये माझ्या चार ओळींच्या कोडने दिले होते. त्यातले ६,५४४ आईचे होते आणि १,६३६ मावशीचे. ही गोष्ट त्या क्षणी जगात फक्त मला माहीत होती.

ही रक्कम मोठी नाही. पण तिच्या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार मला पहिल्यांदा नीट करावा लागला: सगळ्यांना दिसेल असा एखादा आकडा वेबपानावर लावलेला असेल, तर तो यंत्राने उचलून आणायचा मला हक्क आहे का? आणि तो चुकला तर जबाबदार कोण?

आधी वाटणी सांगतो. आजीचं सोनं एकूण १०८ ग्रॅम, सगळं २२ कॅरेटचं. पाटल्या ४४ ग्रॅम, मोहनमाळ ३८ ग्रॅम, गोठ २६ ग्रॅम. तीन भावंडं, म्हणजे प्रत्येकी ३६ ग्रॅम. डाग मोडायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं. पाटल्या आईला, मोहनमाळ मावशीला, गोठ मामाला. म्हणजे आईकडे ८ ग्रॅम जास्त, मावशीकडे २ ग्रॅम जास्त आणि मामाकडे १० ग्रॅम कमी. ती कमी पैशांनी भरून काढायची. ज्या दिवशी पैसे द्यायचे त्या दिवशीचा, आजीच्या नेहमीच्या पेढीचा २२ कॅरेटचा भाव धरायचा. ती पेढी सांगलीची आणि तिच्यावर तिघांचाही विश्वास. पेढीच्या वेबसाइटवर रोजचा भाव असतो. मी एक गूगल शीट केली, त्यात तो भाव आपोआप येईल अशी सोय केली आणि लिंक ग्रुपवर टाकली.

'आपोआप' या शब्दात सगळी भानगड आहे.

मी घरचे हिशेब ग्नूकॅशमध्ये ठेवतो. आईचे म्युच्युअल फंड, बाबांचे थोडे शेअर, एफडी, सगळं. अशा हिशेबात गुंतवणुकीचा आजचा भाव बाहेरून आणावा लागतो आणि तो आणायच्या वाटांना एक उतरंड आहे. सर्वांत वरची वाट म्हणजे ज्याचा आकडा आहे त्याने तो यंत्राने वाचण्यासाठीच प्रसिद्ध केलेला असणं. म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हे सुख आपल्याला आहे. फंडांची संघटना, अ‍ॅम्फी, सगळ्या योजनांची एनएव्ही `NAVAll.txt` नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये देते. तिची पहिली ओळ अशी असते:

```
Scheme Code;ISIN Div Payout/ ISIN Growth;ISIN Div Reinvestment;Scheme Name;Net Asset Value;Date
```

बघायला रूक्ष, पण यात दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. प्रत्येक योजनेला स्वतःचा कोड आहे, त्यामुळे ती यादीत कितव्या ओळीवर आहे याने काही बिघडत नाही. आणि प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्याची तारीख आहे, त्यामुळे आज मिळालेला आकडा आजचाच आहे की शुक्रवारचा, हे फाइलच सांगते. शेअरसाठी एक्स्चेंज रोज बाजार बंद झाल्यावर 'भावकॉपी' काढतं, तीही अशीच.

त्याखालची वाट म्हणजे कुणाच्या तरी सेवेतून भाव घेणं. ती चालू असते तोवर उत्तम. ग्नूकॅश भाव आणण्यासाठी `Finance::Quote` हे पर्ल मॉड्यूल वापरतं आणि जगभरातले त्याचे कितीतरी वापरकर्ते वर्षानुवर्षं याहू फायनान्सच्या एका सीएसव्ही पत्त्यावर अवलंबून होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये याहूने तो पत्ता बंद केला. हा वापर आमच्या अटींत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एका सकाळी लोकांच्या हिशेबांत भाव येणं थांबलं. चिडले बरेच, पण तक्रार करणार कुठे? याहूने त्यांना कधी शब्द दिलाच नव्हता.

सर्वांत खालची वाट म्हणजे स्क्रेपिंग. माणसांनी वाचायला केलेलं पान यंत्राने उघडायचं, त्याच्या एचटीएमएलमधून हवा तो आकडा खरवडून काढायचा. पहिल्या दोन वाटा नसतील तेव्हाच तिसरीकडे वळायचं, हे मला माहीत होतं. पेढी कसली फाइल देणार? म्हणून मी सरळ खरवडायला बसलो. पेढीला फोन करून विचारणं ही एक वाट असू शकते, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पेढीच्या पानावर एक छोटं कोष्टक होतं. वर शीर्षकाची ओळ, मग २४ कॅरेट, मग २२, मग १८. प्रत्येकापुढे एका ग्रॅमचा भाव. माझा कोड असा होता:

```python
rows = soup.select("table tr")
cell = rows[2].find_all("td")[1].text
rate = float(cell.replace("₹", "").replace(",", ""))
```

पायथन न येणाऱ्यांसाठी: मोजणी शून्यापासून सुरू होते. शून्य म्हणजे शीर्षक, एक म्हणजे २४ कॅरेट, दोन म्हणजे २२. "दोन नंबरच्या ओळीतला आकडा आण," एवढंच मी यंत्राला सांगितलं होतं. '२२ कॅरेट' हे शब्द माझ्या कोडमध्ये कुठेच नाहीत. मला हवा होता बावीसचा भाव आणि मी मागत होतो एका जागेवर बसलेला आकडा. कोड लिहिला त्या दिवशी त्या दोन्ही गोष्टी एकच होत्या.

वाटणीच्या तीन दिवस आधी पेढीने कोष्टकात सगळ्यात वर एक नवी ओळ घातली: चोख सोन्याचं नाणं. बाकीच्या ओळी एकेक घर खाली सरकल्या. दोन नंबरच्या ओळीवर आता २४ कॅरेट होतं. माझा कोड न अडखळता तिथला आकडा घेऊन आला. शीटमधला भाव एका रात्रीत ८,९७० वरून ९,७९५ झाला.

स्क्रेपिंग ठिसूळ असतं, हे सगळेच सांगतात. पान बदलतं, कोड मोडतो. पण मोडणं दोन प्रकारचं असतं. एकात कोड बोंब मारतो: कोष्टकच सापडलं नाही, आकड्याच्या जागी अक्षरं मिळाली, काहीतरी लाल दिसतं. ते मोडणं परवडतं, कारण ते लगेच कळतं. दुसऱ्या प्रकारात कोड चालूच राहतो आणि खोटं बोलू लागतो. त्यातही चुकीचा आकडा खऱ्याच्या जवळचा असेल तर तो पकडणं फार कठीण. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग शुद्ध सोनं. त्यामुळे चोवीसचा भाव बावीसच्या भावापेक्षा साधारण नऊ टक्के जास्त असतो. त्या दिवसांत सोनं चढत असल्याच्या बातम्या येतच होत्या. ९,७९५ पाहून सगळ्यांना वाटलं, बापरे, आणखी वाढलं. माझ्या चुकीला बातम्यांनी पाठिंबा दिला. भाव ९७९ किंवा ९७,९५० आला असता तर मावशीनेसुद्धा फोन केला असता.

पैसे दिले त्या दिवशी शीट ९,८१८ दाखवत होती. दहा ग्रॅमचे ९८,१८०.

बारा दिवसांनी एका मित्राला अंगठी करायची होती, म्हणून त्याला दाखवायला मी ते पान फोनवर उघडलं. बावीसच्या पुढे ९,०५० होतं. माझी शीट ९,८७३ म्हणत होती. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

पहिलं काम, त्या दिवशीचा खरा भाव शोधणं. इथे दुसरी चूक उघडी पडली. मी फक्त शेवटचा आकडा साठवत होतो. पान जसं होतं तसं जपून ठेवलं नव्हतं, म्हणजे त्या दिवशी तिथे खरोखर काय लिहिलं होतं याचा माझ्याकडे पुरावा नव्हता. आता पेढीला फोन करण्याशिवाय इलाज नव्हता. आणि फोन करायचा म्हटल्यावर मला आणखी एक गोष्ट आठवली, जी मी स्वतःपासूनही लपवली होती.

कोड पहिल्यांदा चालवला तेव्हा पान मिळालंच नव्हतं. ४०३ हे उत्तर आलं होतं, म्हणजे 'प्रवेश नाही'. पायथनची `requests` लायब्ररी पान मागताना आपलं नाव सांगते, `python-requests` असं. साइटच्या सर्व्हरने ते नाव पाहून दार लावलं होतं. मी काय केलं? सगळे करतात तेच. नावाच्या जागी क्रोम ब्राउझरचं नाव टाकलं. दार उघडलं. दोन मिनिटांचं काम, कुठलाही प्रश्न मनात न येता. आणि मग कोड दर पाच मिनिटांनी चालेल असं लावून दिलं. दिवसाला २८८ वेळा. पेढी भाव बदलते दिवसातून एकदा, फार तर दोनदा.

मी ऑफिसात याला 'हेडर बदलणं' म्हणतो. साध्या मराठीत सांगायचं तर, रखवालदार 'नाही' म्हणाला म्हणून मी कपडे बदलून दुसऱ्याच्या नावाने आत गेलो.

यावर माझा स्वतःशीच केलेला बचाव असा होता: भाव तर सार्वजनिक आहे. पेढीच्या दारात फळा असतो, त्यावर भाव लिहिलेला असतो. रस्त्याने जाणारा कुणीही तो वाचतो, वहीत टिपून घेतो, घरी जाऊन सांगतो. त्याची परवानगी कोण मागतं? मग मी यंत्राने वाचला तर काय बिघडलं?

हा बचाव पोकळ नाही. भाव ही एक वस्तुस्थिती आहे, कुणाची कविता नाही. 'आज बावीसचा भाव ९,००० आहे' या वाक्याचा कॉपीराइट कुणी सांगू शकत नाही. पण बाजारभाव कुणाचा, हा वाद वेबपेक्षा फार जुना आहे. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड ही धान्याच्या सौद्यांची मोठी संस्था. तिथे ठरणारे भाव ती तारेने फक्त करार केलेल्यांना पाठवत असे आणि करारात अट असे की हे भाव 'बकेट शॉप'ना द्यायचे नाहीत. बकेट शॉप म्हणजे धान्याची प्रत्यक्ष खरेदी न करता नुसत्या भावाच्या चढउतारावर पैजा घेणारी दुकानं. अशा एका धंद्याला ते भाव मिळत होते, म्हणून बोर्ड कोर्टात गेलं. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती होम्स यांचा तर्क असा की, बोर्डाने मेहनतीने जमवलेली ही माहिती आहे, आणि विश्वासाने काही जणांना सांगितली म्हणून ती सगळ्यांची झाली असं होत नाही.

पेढीची गोष्ट वेगळी आहे, हे उघड आहे. तिने भाव गुप्त ठेवला नव्हता, उलट सगळ्यांना दाखवायला लावला होता. पण त्या जुन्या खटल्यातला एक धागा इथेही लागू पडतो. दाखवणं आणि सोपवणं या दोन क्रिया आहेत. मी तुम्हाला काय दाखवलं यावरून, तुम्ही त्याचं काय केलेलं मला चालेल, हे ठरत नाही.

आपल्याकडच्या कायद्यातही ही शंका आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या किंवा जबाबदार माणसाच्या परवानगीशिवाय करायच्या नाहीत अशा गोष्टींची यादी देतं. त्यात हॅकिंग, व्हायरस यांच्यासोबत माहिती उतरवून घेणं, तिची प्रत करणं, ती काढून घेणं हेही आहे. पान सगळ्यांसाठी उघडं ठेवणं हीच परवानगी, असा युक्तिवाद करता येतो आणि तो वजनदार आहे. पण ४०३ मिळाल्यावर नाव बदलून आत गेलेल्या माणसाने तो करू नये.

'robots.txt पाहायची ना' असं तुम्ही म्हणाल. पाहिली होती. ही फाइल म्हणजे साइटने यंत्रांसाठी लावलेली पाटी: इथे या, इथे येऊ नका. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये ही पद्धत सुचवली आणि २०२२ मध्ये ती आरएफसी ९३०९ या नावाने अधिकृत मानक झाली. पेढीच्या साइटवर ही फाइलच नव्हती, आणि मानकाप्रमाणे फाइल नसेल तर यंत्र आत जाऊ शकतं. पण तेच मानक स्पष्ट सांगतं की या नियमांचा अर्थ प्रवेशाचा अधिकार असा घेऊ नये. पाटी नाही याचा अर्थ मालकाने 'या' म्हटलं असा नाही. सांगलीतल्या एका सराफाने robots.txt लावली नाही, यातून त्याची संमती कळत नाही. त्याला ती फाइल असते हे माहीत नाही, एवढंच कळतं.

मी फोन केला. आईचं माहेरचं आडनाव सांगितल्यावर पेढीवरच्या काकांनी ओळखलं. सगळं सांगितलं, नाव बदलून आत गेल्याचंही. ते 'हेडर' वगैरे त्यांना कळलं नसावं, पण मथितार्थ कळला. त्यांनी वही उघडली. त्या दिवशी बावीसचा भाव ९,०००, चोवीसचा ९,८१८. मग म्हणाले, "पण तुम्ही फळ्यावरचा भाव का धरला?"

मला प्रश्नच कळला नाही.

"अरे, तो आम्ही विकतो तो भाव. त्यावर घडणावळ वेगळी, जीएसटी वेगळा. तुमचे डाग जुने. कुणी मोडायला आणले तर आम्ही आधी कस बघतो, घट धरतो, मग मोडीचा भाव देतो. तो कमी असतो. घरच्या घरात वाटायचंय तर कुठला भाव धरायचा ते तुम्ही ठरवा, पण आधी विचारायचं तरी. तुझी आजी नेहमी विचारायची."

माझा कोड बरोबर ओळीवरून बरोबर आकडा घेऊन आला असता, तरीही मी कशाचा भाव आणतोय हे मला माहीत नव्हतं. फळ्यावरचा आकडा ही बोलण्याची सुरुवात असते. तो वाचून गिऱ्हाईक पायरी चढतं, विचारतं आणि मग त्याच्या कामाचा भाव त्याला कळतो. काकांनी फळा त्यासाठी लावला होता. मी सुरुवात उचलली आणि तिलाच शेवट समजलो.

मग मी विचारलं, "मी हा भाव रोज यंत्राने घेतला तर तुमची हरकत आहे का?" ते म्हणाले, "दिवसातून एकदा घे की. साइट बघणाऱ्या पोराला सांगून ठेवतो. आणि कोष्टक बदललं तर तो तुला मेसेज करेल."

या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो. आत्तापर्यंत मी दोन वेगळ्या प्रश्नांचा विचार करत होतो. एक तांत्रिक: स्क्रेपिंग ठिसूळ आहे. दुसरा नैतिक: स्क्रेपिंगला परवानगी नाही. काकांनी दोन्ही एकाच वाक्यात सोडवले, कारण ते दोन प्रश्न नव्हतेच. माझा कोड मोडला कारण कोष्टक बदलताना पेढीला माझा विचार करायचं काही कारण नव्हतं. मी तिथे आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ नये याची व्यवस्था मीच केली होती. याहूच्या बाबतीतही तेच. जिथे शब्द दिलेला नाही तिथे तो मोडल्याची तक्रार करता येत नाही. परवानगी मागणं म्हणजे नुसतं सौजन्य नाही. समोरच्याने आकडा बदलताना तुमची आठवण ठेवावी, इतकं नातं त्याच्याशी जोडणं आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक वेळी परवानगी मागायची म्हटली तर ज्यांना माहिती लपवायची आहे ते कधीच देणार नाहीत. सरकारी खातं आकडे अवघड पानांत पुरून ठेवतं आणि एखादा पत्रकार ते खरवडून लोकांपुढे मांडतो, तेव्हा त्यालाही फोन करून विचार म्हणायचं? मला तसं वाटत नाही. तिथे आकडा ज्याच्याकडे आहे तो लोकांना उत्तर द्यायला आधीच बांधलेला आहे. बाजार समित्यांचे रोजचे भाव सरकारच्या खुल्या डेटाच्या साइटवर एपीआयने मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण सांगलीतली पेढी माझी देणेकरी नाही. तिने स्वतःच्या गिऱ्हाइकांसाठी एक फळा लावला आहे. बलदंडाकडून माहिती काढून घेण्यासाठीचा युक्तिवाद मी माझा पाच मिनिटांचा आळस झाकायला वापरला, तर त्या युक्तिवादाचीच किंमत कमी होते.

उरला मामा. खरं सांगतो, गप्प बसावं असं वाटलं होतं. मामाचं दुकान दोन वर्षं नीट चालत नाही. आईला साडेसहा हजारांनी फरक पडणार नव्हता. चूक गरजूच्या बाजूने झाली होती, म्हणजे जणू न्यायच झाला. पण तो न्याय द्यायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला भावाला पैसे द्यायचे असते तर तिने स्वतः दिले असते, आणि मामाने ते भावाच्या हक्काने घेतले असते. माझ्या चुकीतून गुपचूप गेलेले पैसे म्हणजे ना आईचं देणं, ना मामाचं घेणं.

मी तिघांना एकत्र फोन लावून सांगितलं. मोडीच्या भावाचंही सांगितलं. मी म्हणालो की चूक पानाची रचना बदलल्यामुळे झाली. मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रचना त्यांनी बदलली, ती त्यांच्या पानावर. आम्ही पान बघून पैसे दिले-घेतले नाहीत. तुझी शीट बघून दिले-घेतले."

तो रागाने बोलला नव्हता, पण बोलला ते अचूक होतं. काका त्यांच्या फळ्याला जबाबदार होते. फळ्यावर चुकीचं लिहिलं असतं तर दारात आलेल्या माणसाला त्यांनीच उत्तर दिलं असतं. तो आकडा मी तिथून उचलून माझ्या शीटमध्ये ठेवला, त्या क्षणी त्याच्यामागे काका उभे राहिले नाहीत. तिथे मी उभा राहायला हवं होतं, आणि मी म्हणत होतो, 'आपोआप येतो'.

तिघांनी बावीसचा फळ्यावरचा भावच कायम ठेवला, कारण ठरलं तेच होतं. मामाने ८,१८० परत केले. मी माझ्या खिशातून देतो म्हणालो, तर आईने मला गप्प केलं. पुढे आईने मामाला वेगळे काही दिले की नाही, ते मी विचारलं नाही.

कोड अजून चालतो. दिवसातून एकदा, सकाळी अकरा वाजता. पान मागताना तो माझं नाव आणि ईमेल सांगतो. ओळ मोजत नाही, '22K' ही अक्षरं शोधतो, आणि आकडा घेण्याआधी हे तपासतो:

```python
if page_date != today:
    raise ValueError("old rate")
if abs(r22 / r24 - 22 / 24) > 0.01:
    raise ValueError("check rows")
```

पानावरची तारीख आजची नसेल तर आकडा घ्यायचा नाही. बावीस आणि चोवीस यांचं प्रमाण ०.९१७ च्या आसपास नसेल तरी घ्यायचा नाही. ही दुसरी तपासणी मला सर्वांत आवडते, कारण ती पानाच्या रचनेवर अवलंबून नाही, सोन्यावर अवलंबून आहे. दोन आकड्यांची अदलाबदल झाली, एखादा दहा ग्रॅमचा निघाला, तर ती ओरडते. दोन्ही आकडे एकदमच चुकले तर मात्र तिलाही कळणार नाही, म्हणून रोजचं पान जसंच्या तसं साठवून ठेवतो. आणि तपासणी फसली तर शीटमधली चौकट रिकामी राहते. कालचा आकडा आजच्या जागी कधीच बसत नाही. रिकामी चौकट पाहिली की माणूस फोन उचलतो.

मागच्या महिन्यात ती एकदा रिकामी राहिली. मी साइट बघायच्या आत मेसेज आला होता: "दादा, उद्यापासून टेबलमध्ये चांदी पण टाकतोय. तुमचं चेक करून घ्या." तारीख आदल्या दिवसाची होती. मीच पाहिला नव्हता.